शंभर टक्के म्हणजे किती मिनिटे?

ठिबकातून गरजेच्या ८० टक्केच पाणी दिले, तरी टोमॅटोचे उत्पादन घटत नाही. अशा अर्थाची वाक्ये शेतीच्या मासिकांत, शिफारशींत आणि माहितीपत्रकांत नेहमी वाचायला मिळतात. ती वाचून शेतकऱ्याच्या मनात येणारा प्रश्न साधा असतो: म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा? ज्या शोधनिबंधातून असे वाक्य निघाले, त्याच्या निष्कर्षात या प्रश्नाचे उत्तर नसते. ते त्याआधीच्या ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात असायला हवे. पुष्कळदा ते तिथेही सापडत नाही.

हा भाग निबंधात सगळ्यात कंटाळवाणा समजला जातो. विद्यार्थी तो शेवटी लिहितात किंवा आधीच्या वर्षीच्या प्रबंधातून थोडाफार बदलून घेतात. वाचकही तो ओलांडून थेट तक्त्यांकडे जातो. पण पाण्याच्या वेळापत्रकावरच्या निबंधात सगळा निकाल याच भागावर उभा असतो, कारण ‘८० टक्के’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कशाचे ८० टक्के, हे ज्यावर ठरते ती आकडेमोड इथेच लिहिलेली असते.

म्हणून या भागाला एक साधी कसोटी लावता येते. निबंध हातात आहे आणि त्या हंगामाची हवामानाची नोंदवही शेजारी आहे. एवढ्यावर एखाद्या तिऱ्हाइताला कुठल्याही तारखेला कुठल्या वाफ्यात पाणी किती मिनिटे चालले, हे काढता आले पाहिजे. ते निघाले तर पद्धत नीट लिहिली आहे. निघाले नाही, तर पुढच्या तक्त्यांतले आकडे कितीही देखणे असोत, ते दुसऱ्या कोणाच्या कामाचे नाहीत.

हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण अशा प्रयोगांची धाटणी अशीच असते. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यात मध्यम काळ्या जमिनीवर उन्हाळी टोमॅटोचा प्रयोग आहे. दोन लॅटरलमध्ये दीड मीटर अंतर, दोन झाडांत अर्धा मीटर. प्रत्येक झाडाजवळ ताशी २ लिटरचा एक ड्रिपर. पाणी एक दिवसाआड. ठिबकाच्या चार पातळ्या तपासायच्या आहेत: पिकाच्या गरजेच्या ६०, ८०, १०० आणि १२० टक्के. तुलनेसाठी पाचवा प्रकार नेहमीच्या सरीतून दिलेल्या पाण्याचा.

बाष्पीभवन पात्रापासून झाडापर्यंत

पिकाला किती पाणी लागते, हे थेट मोजणे अवघड असते. म्हणून संशोधक हवेपासून सुरुवात करतात. हवा किती पाणी ओढून घेते ते मोजायचे आणि त्यावरून पीक किती घेईल याचा अंदाज बांधायचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगक्षेत्रांवर त्यासाठी ‘क्लास ए’ प्रकारचे बाष्पीभवन पात्र असते. १२०.७ सेंटिमीटर व्यासाचे, २५ सेंटिमीटर खोल असे हे धातूचे गोल पात्र जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच लाकडी चौकटीवर ठेवलेले असते. त्यातले पाणी दररोज किती मिलिमीटर उतरले, याची सकाळी नोंद होते.

उघड्या पात्रातले पाणी पिकापेक्षा जास्त उडते, म्हणून त्या आकड्याला आधी पात्र गुणांकाने गुणतात. मग पीक कोणते आणि ते किती वाढले आहे, यानुसार पीक गुणांकाने गुणतात. अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये काढलेल्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत निरनिराळ्या पिकांचे गुणांक दिले आहेत. टोमॅटोसाठी ते लागवडीनंतर ०.६, भर बहरात १.१५ आणि शेवटच्या तोड्यांच्या वेळी ०.७ ते ०.९ असे आहेत.

आता प्रयोगातला एक दिवस घेऊ. एप्रिल महिना, पीक भर बहरात, दोन दिवसांत पात्रातले पाणी १६ मिलिमीटर उतरले. पात्र गुणांक ०.७ धरला, तर ११.२ मिलिमीटर होतात. त्याला १.१५ ने गुणले की १२.८८ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे लक्षात ठेवले की पुढचे सोपे आहे. एका झाडाच्या वाट्याची जागा दीड गुणिले अर्धा, म्हणजे ०.७५ चौरस मीटर. तेव्हा एका झाडाची दोन दिवसांची गरज ९.६६ लिटर. निबंधात ही साखळी एका सूत्रात लिहितात:

V = (Ep × Kp × Kc × A) / EU

यात Ep म्हणजे पात्रातले बाष्पीभवन, Kp पात्र गुणांक, Kc पीक गुणांक, A झाडाच्या वाट्याची जागा आणि EU म्हणजे सगळ्या ड्रिपरना पाणी किती सारखे पोहोचते त्याचे माप. या शेवटच्या मापाकडे पुढे येऊ.

सूत्र लिहिले म्हणजे पद्धत लिहून झाली, असा पुष्कळांचा समज असतो. खरे काम तिथून पुढे सुरू होते, कारण यातले प्रत्येक अक्षर कोणीतरी निवडलेले असते. पात्र गुणांक परिस्थितीनुसार ०.३५ पासून ०.८५ पर्यंत बदलतो. पात्राभोवती हिरवे गवत आहे की कोरडी पडीक जमीन, वारा किती, हवा किती दमट, यावर तो ठरतो. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून पात्रावर जाळी बसवली, तर तिच्यामुळेही बाष्पीभवन दहा टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. एकाने ०.७ धरले आणि दुसऱ्याने ०.८, तर दोघांच्या ‘१०० टक्के’ पाण्यात १४ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून गुणांकाचा आकडा द्यायचा, तो का निवडला हे सांगायचे आणि पात्र कुठे, कसे ठेवले होते तेही एका वाक्यात लिहायचे.

पीक गुणांकाचेही तसेच. पुस्तिकेतले आकडे दुपारची किमान आर्द्रता ४५ टक्के आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटर असलेल्या हवामानासाठी आहेत. एप्रिलमधल्या आपल्या पठारावरच्या दुपारी हवा त्याहून पुष्कळ कोरडी असते. आर्द्रता २० टक्क्यांवर उतरली असेल आणि वारा तेवढाच असेल, तर पुस्तिकेतलीच दुरुस्ती लावल्यावर टोमॅटोचा १.१५ हा गुणांक १.२१ च्या आसपास जातो. फरक पाचेक टक्क्यांचा आहे. दुरुस्ती केली नाही म्हणून प्रयोग वाया जात नाही. पण केली की नाही, हे लिहिले नाही तर तो फरक वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

एका गुणकात अडीचपट फरक

या साखळीतला सगळ्यात मोठा घोटाळा मात्र वरच्या सूत्रात न दिसणाऱ्या एका गुणकाने होतो. ठिबकात सगळी जमीन भिजत नाही, ड्रिपरखालचा पट्टाच भिजतो. म्हणून अनेक जण पाण्याच्या हिशोबाला आणखी एका आकड्याने गुणतात: भिजणाऱ्या क्षेत्राचे प्रमाण. ते ०.४ धरले, तर आपल्या उदाहरणात झाडाची गरज ९.६६ लिटरवरून थेट ३.८६ लिटरवर येते. एका निबंधात हा गुणक धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो, आणि दोन्ही निबंध आपापल्या आकड्याला ‘१०० टक्के’ म्हणतात. दोघांच्या पाण्यात अडीचपट अंतर असते. मग पहिल्याच्या १२० टक्क्यांत जे पाणी मिळते, ते दुसऱ्याच्या ६० टक्क्यांहूनही कमी भरते. दोन्ही निबंधांचे निष्कर्ष शेजारी ठेवून कोणी सरासरी काढली, तर तिला काय अर्थ उरणार?

गुणक धरणे बरोबर की चूक, यावर विचार करायला जागा आहे. जमिनीचा थोडाच भाग ओला असतो, त्यामुळे जमिनीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन नक्की घटते. पण भर बहरातल्या टोमॅटोची पाने बहुतेक वाफा झाकतात आणि त्या पानांतून उडणारे पाणी खालची जमीन किती भिजली यावर अवलंबून नसते. मुळांना पुरेसे पाणी मिळत असेल, तर पाने हवेच्या ओढीप्रमाणेच ते सोडतात. म्हणून मोठ्या पिकात अख्ख्या गरजेला ०.४ ने गुणणे म्हणजे पानांच्या वाट्याचे पाणीही कापणे होय. १९९८ च्या पुस्तिकेत यासाठी दुहेरी गुणांकाची पद्धत आहे. तिच्यात पानांतून जाणारे पाणी आणि मातीतून उडणारे पाणी वेगवेगळे मोजतात आणि भिजलेल्या भागाचे प्रमाण फक्त मातीच्या हिश्शाला लावतात. रोपे लहान असतात तेव्हा प्रश्न उलटा असतो. पानांची सावली वाफ्याच्या थोड्याच भागावर पडते आणि पूर्ण ०.७५ चौरस मीटर धरले, तर पाणी फुकट जाते. त्या काळासाठी काही संशोधक सावलीने झाकलेल्या जमिनीचे प्रमाण दर आठवड्याला मोजून तेवढी कपात करतात.

यापैकी कोणताही मार्ग घ्या, पण कोणता घेतला ते लिहा. ‘पाण्याची गरज प्रमाणित सूत्राने काढली’ हे वाक्य या विषयावरच्या निबंधात सर्वाधिक नुकसान करते, कारण प्रमाणित सूत्रे एकाहून अधिक आहेत.

ड्रिपरवर छापलेले आणि ड्रिपरमधून पडलेले

लिटर ठरले, आता त्याची मिनिटे करायची. ड्रिपरवर ताशी २ लिटर लिहिलेले असते. तो आकडा ठरावीक दाबाचा असतो, बहुधा एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. शेतात दाब ०.८ झाला, तर साध्या ड्रिपरचा प्रवाह दहाएक टक्क्यांनी घटून ताशी १.८ लिटरच्या जवळ येतो. त्यात क्षार साचतात, शेवाळ धरते, एखाद्या ड्रिपरच्या तोंडाशी मातीचा कण अडकतो. म्हणून पद्धतीच्या भागात छापील आकड्याबरोबर मोजलेला आकडा यायलाच हवा.

मोजण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. मेरियम आणि केलर यांनी १९७८ मध्ये सुचवल्याप्रमाणे चार लॅटरल निवडतात: पहिली, एक तृतीयांश अंतरावरची, दोन तृतीयांश अंतरावरची आणि शेवटची. प्रत्येक लॅटरलवर याच चार जागी ड्रिपरखाली भांडे ठेवून ठरावीक वेळ पाणी गोळा करतात. आपल्या प्रयोगात तीन मिनिटांत सोळा जागांची सरासरी ९० मिलिलिटर आली, म्हणजे ताशी १.८ लिटर. त्यातल्या सगळ्यात कमी पाणी देणाऱ्या चार जागांची सरासरी ८१ मिलिलिटर. ८१ ला ९० ने भागले की ९० टक्के. हेच सूत्रातले EU. मागे पडणाऱ्या झाडांनाही गरजेइतके पाणी मिळावे म्हणून गरजेला या आकड्याने भागतात. ९.६६ भागिले ०.९ म्हणजे १०.७३ लिटर. ताशी १.८ लिटरच्या वेगाने त्याला ५ तास ५८ मिनिटे लागतात. हीच आपली ‘१०० टक्के’ पातळी. ८० टक्क्यांसाठी ४ तास ४६ मिनिटे, ६० साठी ३ तास ३५ आणि १२० साठी ७ तास ९.

छापील २ लिटरवर विसंबलो असतो, तर व्हॉल्व्ह ५ तास २२ मिनिटांत बंद केला असता आणि प्रत्येक पातळीला ठरल्यापेक्षा दहा टक्के पाणी कमी गेले असते. निबंधात मात्र पातळ्या ६०, ८०, १०० आणि १२० अशाच छापल्या गेल्या असत्या. वाचणाऱ्याला ही चूक ओळखता येते का? येते, एका खुणेवरून. निबंधात ड्रिपरचा प्रवाह अगदी २.०० किंवा ४.०० असा गोल आकड्यात दिला असेल आणि तो कधी, किती जागी मोजला हे लिहिले नसेल, तर तो बहुधा माहितीपत्रकावरून उतरवला आहे. ही मोजणी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा करून दोन्ही आकडे द्यावेत. नळ्यांना आम्लप्रक्रिया केली असेल, तर तिची तारीखही द्यावी.

वाफे, व्हॉल्व्ह आणि खत

पाच प्रकार आणि प्रत्येकाच्या चार पुनरावृत्त्या धरल्या, तर वीस वाफे होतात. चार गटांपैकी प्रत्येक गटात पाचही प्रकार चिठ्ठ्या टाकून कुठेही येतात. यालाच यादृच्छिक गट रचना म्हणतात. जमिनीचा उतार किंवा खोली ज्या दिशेने बदलते, त्या दिशेने एकापुढे एक गट पाडायचे असतात, म्हणून ती दिशा आणि गटांची मांडणी निबंधात असली पाहिजे. चारच पुनरावृत्त्या का, यालाही कारण आहे. पाचातून एक आणि चारातून एक वजा करून गुणले की बारा येतात. प्रयोगातली चूक विश्वासाने मोजायला निदान बारा स्वातंत्र्यांश असावेत, असा कृषी सांख्यिकीतला प्रघात आहे.

ठिबकाच्या प्रयोगात इथे एक वेगळा फास असतो. वीस व्हॉल्व्ह बसवणे खर्चाचे आणि कटकटीचे, म्हणून कधीकधी एका पातळीचे चारही वाफे एकाच व्हॉल्व्हवर, शेजारी शेजारी, एकाच लॅटरलच्या तुकड्यांवर घेतले जातात आणि त्यांना चार पुनरावृत्त्या म्हटले जाते. प्रत्यक्षात ती एकच पुनरावृत्ती चार ठिकाणी मोजलेली असते. जमिनीचा तो पट्टाच कसदार निघाला, तर श्रेय पाण्याच्या पातळीला जाते. स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये अशा खोट्या पुनरावृत्तींवर सविस्तर लिहिले, तेव्हापासून चांगली नियतकालिके याकडे बारकाईने पाहतात. त्यामुळे ‘चार पुनरावृत्त्या’ एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक वाफ्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह होता का, वाफे कसे विखुरले होते, दोन वाफ्यांत किती जागा मोकळी सोडली आणि कडेच्या ओळींचे उत्पादन मोजणीतून वगळले का, हे सांगावे लागते. काळ्या जमिनीत पाणी आडवे पुष्कळ पसरते. मध्ये मोकळा पट्टा नसेल, तर ६० टक्क्यांचा वाफा शेजारच्या १२० टक्क्यांच्या वाफ्यातले पाणी घेऊन जगतो.

दुसरी अडचण खताची. ठिबकातून विद्राव्य खत पाण्याबरोबरच जाते. खताचे द्रावण सिंचनभर चालू ठेवले आणि पाण्याची वेळ कमी केली, तर ६० टक्क्यांच्या झाडांना खतही ६० टक्केच मिळते. मग उत्पादन घटले ते पाण्यामुळे की नत्रामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून सगळ्या पातळ्यांना खताची मात्रा सारखी जाईल अशी व्यवस्था करायची, प्रत्येक वाफ्याचे खत तोलून स्वतंत्र सोडायचे आणि तसे लिहायचे. सरीच्या वाफ्यात खत जमिनीतून दिले आणि ठिबकाच्या वाफ्यात पाण्यातून, तर ती तुलना दोन सिंचनपद्धतींची राहत नाही, सिंचन आणि खत मिळून बनलेल्या दोन पॅकेजांची होते. तशी तुलना करायला हरकत नाही, पण तिला तेच नाव द्यावे.

पाण्याचा ताळेबंद

अशा निबंधाचा मथळा होतो तो पाण्याच्या एका घनमीटरमागे किती किलो टोमॅटो मिळाले या आकड्याचा. तो भागाकार आहे आणि खालचा आकडा कोणता घेतला यावर तो खूप हलतो. समजा, हेक्टरी उत्पादन ६० टन आले. हंगामभरात सूत्राने काढलेली निव्वळ गरज ४५० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४,५०० घनमीटर. भागाकार १३.३ किलो. पण EU ने भागून प्रत्यक्षात ५०० मिलिमीटर पाणी सोडले होते. शिवाय लागवडीनंतर रोपे जीव धरेपर्यंत सगळ्या वाफ्यांना सारखे ४० मिलिमीटर दिले. पंपातून निघाले ते ५४० मिलिमीटर, आणि भागाकार ११.१ किलो. उत्पादन तेच, शेत तेच, आकडा सहा भागांतला एक भाग कमी.

दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, फक्त त्यांची सरमिसळ नको. ठिबकासाठी निव्वळ गरज आणि सरीसाठी पाटातून सोडलेले सगळे पाणी, अशी तुलना कुठल्याही अप्रामाणिक हेतूशिवाय सहज होऊन जाते आणि ठिबकाला न कमावलेला फायदा मिळतो. म्हणून पद्धतीत हे स्पष्ट हवे: ठिबकाचे पाणी मीटरने मोजले की वेळेवरून काढले, सरीचे पाणी कशाने मोजले, एका पाळीला किती मिलिमीटर दिले, लागवडीचे पाणी धरले का आणि एप्रिल-मे मध्ये वळीव पडला तर त्यातला किती पाऊस उपयोगी मानून वेळापत्रकातून वजा केला.

या सगळ्या हिशोबाची उलटतपासणी जमीनच करते. पाण्याच्या पाळीआधी आणि पाळीनंतर चोवीस तासांनी ड्रिपरपासून १० आणि ३० सेंटिमीटर अंतरावर, दर १५ सेंटिमीटर खोलीची माती काढायची, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायची आणि ओल किती होती ते पाहायचे. अंतर आणि खोली दोन्ही लिहिणे गरजेचे आहे, कारण ठिबकाखाली ओलीचा गोळा तयार होतो आणि त्याच्या मध्यावरची आणि कडेची माती एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. टेन्शिओमीटर वापरला तर त्याची मर्यादाही नोंदवावी. तो साधारण ८० सेंटिबारच्या पुढे चालत नाही आणि काळी माती भेगाळली की त्याचा मातीशी स्पर्श सुटतो.

या मोजमापांतून वेळापत्रकाचा खरेपणा कळतो. १२० टक्क्यांच्या वाफ्यात ६० सेंटिमीटरखालची माती पाळीमागून पाळी ओली होत गेली, तर जादा पाणी मुळांच्या खाली निसटते आहे. ६० टक्क्यांच्या वाफ्यातली ओल हंगामभर कमी झालीच नाही, तर त्या वाफ्याला कुठून तरी पाणी मिळते आहे किंवा आपले ‘१०० टक्के’ मुळातच फुगवलेले आहे. अशा वेळी ‘६० टक्क्यांतही उत्पादन घटले नाही’ हा निष्कर्ष पाणी वाचवण्याचा पुरावा ठरत नाही. तो हिशोबातल्या चुकीचा पुरावा ठरतो.

कागदावर उतरवताना

आता हाच मजकूर दोन तऱ्हांनी लिहून पाहू. पहिला मसुदा असा:

‘प्रयोगात ठिबक सिंचनाच्या चार पातळ्या (६०, ८०, १०० व १२० टक्के) घेण्यात आल्या. पाण्याची गरज बाष्पीभवनाच्या आधारे प्रमाणित सूत्राने काढून एक दिवसाआड पाणी देण्यात आले. ताशी २ लिटर क्षमतेचे ड्रिपर वापरण्यात आले.’

यात खोटे काही नाही, व्याकरणही ठीक आहे. पण यावरून मिनिटे काढता येत नाहीत. दुसरा मसुदा:

‘दोन दिवसांचे बाष्पीभवन जाळी बसवलेल्या क्लास ए पात्रावरून घेतले. पात्राभोवती पडीक जमीन असल्याने पात्र गुणांक ०.७ धरला. पीक गुणांक अन्न व कृषी संघटनेच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतून घेतले, स्थानिक आर्द्रतेसाठी दुरुस्ती केली नाही. प्रत्येक झाडासाठी ०.७५ चौरस मीटर पूर्ण क्षेत्र धरले, भिजणाऱ्या क्षेत्राचा गुणक वापरला नाही. ड्रिपरचा प्रवाह सोळा जागी मोजला. सरासरी ताशी १.८ लिटर आणि समानता ९० टक्के आढळली. पाणी देण्याची वेळ याच आकड्यांवरून ठरवली. लागवडीनंतर सर्व वाफ्यांना सारखे ४० मिलिमीटर पाणी दिले, त्यानंतर पातळ्या सुरू केल्या. विजेअभावी तीन पाळ्या दुसऱ्या दिवशी द्याव्या लागल्या.’

दुसरा मसुदा काही ओळींनी मोठा आहे, पण आता कसोटी पार पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात उणिवा लपवलेल्या नाहीत. दुरुस्ती केली नाही, असे तो सांगतो. वीज गेली, हेही सांगतो. विद्यार्थ्यांना अशी वाक्ये लिहायची भीती वाटते, परीक्षक बोट ठेवतील असे वाटते. पण जाणता परीक्षक अशा वाक्यांनी नाराज होत नाही. एप्रिल-मे मध्ये ग्रामीण भागात ठरलेल्या वेळी प्रत्येक पाळी पोहोचली, असा दावा करणाऱ्या निबंधाकडेच तो संशयाने पाहतो. पद्धतीचा भाग भूतकाळात लिहितात त्यामागचे कारणही हेच: आराखड्यात काय ठरले होते ते नाही, शेतात काय घडले ते इथे येते.

सांख्यिकीबद्दल दोन वाक्ये पुरतात, पण तीही विषयाला धरून असावीत. पाण्याच्या पातळ्या चढत्या क्रमाने असतात, जातींसारख्या सुट्या नसतात. त्यामुळे ८० आणि १०० मध्ये फरक आहे की नाही एवढेच तपासण्यापेक्षा पाणी आणि उत्पादन यांचा आलेख कसा वळतो, हे समाश्रयणाने काढणे अधिक सांगून जाते. कोणते विश्लेषण करणार, हे उत्पादन हाती येण्याआधी ठरलेले असावे आणि पद्धतीत तसेच लिहावे.

हा भाग लिहिण्याची सगळ्यात चांगली वेळ प्रयोग सुरू होण्याआधीची असते. कोरा मसुदा आधी लिहून ठेवला की मोकळ्या जागा दिसतात: समानता मोजायची आहे, पात्राभोवती काय आहे ते पाहायचे आहे, सरीचे पाणी कशाने मोजणार ते ठरवायचे आहे. हंगाम संपल्यावर या गोष्टी आठवणीतून भरता येत नाहीत, कारण ड्रिपरचा एप्रिलमधला प्रवाह जूनमध्ये मोजता येत नाही. मार्गदर्शकांनी तक्ते तपासण्याआधी एखादी तारीख सांगून विद्यार्थ्याला त्या दिवशीची मिनिटे काढायला लावावीत. आणि ‘८० टक्के पाण्यात पूर्ण उत्पादन’ असे कुठेही वाचले, तर शेतकऱ्यांनी आणि कृषी सहायकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: झाडामागे किती क्षेत्र धरले, ड्रिपरचा प्रवाह मोजला होता की छापील घेतला आणि सोडलेले सगळे पाणी हिशोबात आहे का. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय ती शिफारस आपल्या व्हॉल्व्हला लावू नये.